दुसरा मिस कॉल

अहो, आज दुपारी पुन्हा लाईट गेली आणि गल्लीतल्या चार जणांनी सवयीनं आपल्या दाराकडे बघितलं. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी माना फिरवल्या. तुमचा फोन देवळीत ठेवलेला आहे, तोही दोनदा वाजला. ज्यांचा नंबर होता ते तुमच्या मातीला आले होते. सवय माणसापेक्षा जास्त जगते, हे मला या नऊ दिवसांत कळलं.

मी फोन उचलला नाही. अंगणवाडीचं एक जुनं रजिस्टर घेऊन बसले आहे, मागची पानं कोरी होती. उद्या दहावा आहे. घरात माणसं येतात, रडतात, चहा पितात, आणि दर दुसरं माणूस मला विचारतं, "तू अडवलं कामून न्हाई?" त्यांना काय सांगू? जे सांगायचं ते तुम्हालाच सांगते.

परक्या माणसाला तुमचं काम समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. तुम्ही झिरो वायरमन. म्हणजे वीज कंपनीच्या कागदावर तुम्ही नाही, पण गावातल्या प्रत्येक खांबावर तुम्हीच. खऱ्या लाईनमनकडे बारा गावं, त्याची वाट बघत बसलं तर दोन दिवस अंधार. मग लोक तुम्हाला हाक मारायचे. तुम्ही सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायचे, खांद्यावर दोर टाकायचे आणि चढायचे. ना हातमोजे, ना टोपी. बारा वर्षं हेच. आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान चालवत होता. ते कधी मागं पडलं आणि खांब कधी पुढं आले, ते मला कळलंच नाही.

मी भांडायचे. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. "तुम्हाला घरादाराची पर्वाच न्हाई." "तुम्ही कधीच माझं ऐकत न्हाईत." "तुम्हाला गावाचा पुळका लई हाय, बायकोचा न्हाई." माझं प्रत्येक वाक्य 'तुम्ही'नं सुरू व्हायचं आणि तुमच्या छातीवर जाऊन आदळायचं. तुम्ही म्हणायचे, "म्या काय दारू पिऊन राहिलो का? लोकाचं कामच करून राहिलो ना?" मग अबोला. अबोल्यात आपण श्रावणीच्या तोंडून बोलायचो. "श्रावणी, तुझ्या पप्पाला सांग, ताट वाढलंय." तुम्ही हातभर अंतरावर बसलेले. "श्रावणी, तुझ्या मम्मीला सांग, भूक न्हाई." माझ्या आईनंही असंच केलं, तुमच्याही आईनं. नवऱ्याशी मनातलं सरळ समोरासमोर बोलणं आपल्याकडे बाईला शोभत नाही, मधे एक लेकरू लागतं. लेक नर्सिंगला नांदेडला गेली तर आपण फोन स्पीकरवर टाकून तेच चालू ठेवलं. एक दिवस ती होस्टेलवरून म्हणाली, "मम्मी, पप्पा तुझ्या समोर बसलेत ना? मग मला नांदेडहून कामून बोलावू लागलीस?" तेव्हा तुम्हाला हसू आलं होतं. मला नव्हतं आलं, कारण मला त्या आठवड्यात एक गोष्ट कळली होती.

तुमच्या उजव्या तळव्यावरचा तो काळा डाग. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, गाडीचा सायलेन्सर लागला. सहा महिन्यांनी किराणा दुकानात कुणीतरी सहज बोलून गेलं की बालाजीभाऊला शाळेमागच्या खांबावर कसला झटका बसला होता, खाली पडता पडता वाचला. मी तांदळाची पिशवी तिथंच ठेवून घरी आले आणि तुमच्यावर तुटून पडले. खोटं का बोललात? तुम्ही तळवा मुठीत दडवलात. मग म्हणालात, "सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, म्या सांगत नव्हते का."

खरंच म्हणाले असते. तेच म्हणाले असते, त्याच शब्दांत. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली ती खांबाची नाही, माझ्या तोंडाची. माझ्या तोंडाला भिऊन माझा माणूस मरणाची गोष्ट लपवत होता.

त्यानंतर लातूरचं ते ट्रेनिंग आलं. आम्हा अंगणवाडी सेविकांना गावातल्या नव्या जोडप्यांशी कसं बोलायचं ते शिकवणार होते. शिकवायला नांदेडच्या शाहीनताई. घरात दखनी बोलणाऱ्या, पण मराठी आपल्यापेक्षा नेमकी. तीन दिवस त्यांनी एकच गोष्ट घोटून घेतली. रागात किंवा भीतीत असताना समोरच्याबद्दल बोलू नका, स्वतःबद्दल बोला. पहिल्यांदा काय घडलं ते सांगा, फोटोत दिसेल तेवढंच, वर आपला शेरा नको. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द दाराबाहेर ठेवा. मग स्वतःला काय झालं ते सांगा, भीती, लाज, राग, एकटेपणा, जे असेल ते एका शब्दात. मग ते आपल्याला एवढं का लागतं ते. आणि शेवटी एक मागणं, छोटं, करता येण्यासारखं. आणि मागणं म्हणजे मागणं, हुकूम नाही. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक नसेल तर ते मागणं नव्हेच.

मी हुशारी दाखवायला हात वर केला आणि म्हणाले, "मला वाटतं की तुम्ही बेफिकीर आहात. आलं का बरोबर?" शाहीनताई हसल्या. "बाई, ही तुमची भावना न्हाई, हा निकाल हाय. पुढं 'मला वाटतं' लावलं म्हणून कोर्ट काय उठत न्हाई." सगळ्या हसल्या, मीही. पण ते वाक्य घेऊनच मी चाकूरच्या एसटीत बसले.

गावात मी नव्या सुनांना हे शिकवू लागले आणि घरी मात्र तीनदा तोंडावर आपटले. एकदा तुम्ही चपला घालून दारात उभे, फोनवर कुणीतरी घाई करतंय, आणि मी मधेच माझा धडा काढला, "तुम्ही असं निघता तेव्हा तुम्ही मला दुःख देता." तुम्ही म्हणालात, "म्हणजे परत म्याच गुन्हेगार." आणि गेलात. मी चिडले, पण मग लक्षात आलं, बरोबर होतं तुमचं. दुःख तुम्ही देत नव्हता, ते माझ्या आत उठत होतं, आणि मी ते तुमच्या नावावर करत होते. वर वेळ कुठली निवडली, तर तुम्ही पायात चपला सरकवतानाची. दुसऱ्यांदा मी वाक्याच्या आधीच रडले. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "हे तुझ्या लातूरच्या बाईचं बोलून राहिलीस का?" तुमची चेष्टा बरी होती, पण मला लागली.

मग तो बुधवार. तुम्ही घरी होता, फोन चार्जिंगला आतल्या खोलीत. आपण दोघं अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. मी मनात चारदा घोकलं होतं. मी म्हणाले, "परवा तुम्ही पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर चढलात. तुम्ही उतरलात हे मला दोन तास कळलं न्हाई. त्या दोन तासांत मला भीती वाटली. चुलीवर दूध उतू गेलं तरी उठता येईना. कारण माझा चुलतभाऊ विहिरीच्या मोटारीला चिकटला, तेव्हा सगळ्या गावाला कळल्यावर आम्हाला कळलं. मला तसं परत नको. मला एवढंच पाहिजे, चढायच्या आधी एक मिस कॉल आणि उतरल्यावर एक. जमंल का?"

तुम्ही शेंगा फोडायचं थांबलात. मला वाटलं, आता उठून जाणार. तुम्ही तळवा पुढं केलात, तो डाग असलेला, आणि म्हणालात, "मला बी भीती वाटती, वैजू."

अहो, एकोणीस वर्षांत तुम्ही हे वाक्य पहिल्यांदा बोललात. मग एकामागून एक बाहेर येत गेलं. झटका एकदा नाही, तीनदा बसला होता. आणि नाही का म्हणत नाही तर, "खाली म्या कोण हाय? दुकान बुडालेला माणूस. वर चढलो की सगळं गाव मान वर करून बघतंय." माझ्या जिभेवर आलं होतं, मग सोडा की ते काम. दातांनी अडवलं. शाहीनताईंनी सांगितलं होतं, समोरचा मोकळा व्हायला लागला की उपाय सांगू नका, जे ऐकलं ते परत त्याला सांगा. म्हणून मी म्हणाले, "म्हणजे न्हाई म्हणलं तर गावात आपली किंमत राहणार न्हाई, असं तुम्हाला वाटतं." तुम्ही म्हणालात, "हाव. तेच." आणि एवढ्यावरच तुमचे खांदे खाली आले. ते मी डोळ्यांनी बघितलं.

त्या दिवसापासून दोन मिस कॉल. पहिला आला की मी हातातलं काम सोडून बसायचे. दुसरा आला की उठायचे. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. अंगणवाडीत लेकरं गाणं म्हणत असायची आणि मी ओठ हलवत फोनकडे बघत असायचे. दीड वर्षात एकदाही चुकला नाहीत. मी ते कधी नीट बोलून दाखवलं नाही, म्हणून आज लिहिते. फोनच्या त्या दोन घंट्यांनी मला जेवढं लग्न झाल्यासारखं वाटलं, तेवढं अक्षता पडताना वाटलं नव्हतं.

आणि तुम्हीही शिकलात, गुपचूप. आठवतं, पाहुण्यांसमोर मी चेष्टेत म्हणाले होते, आमच्या यांचा हुद्दा झिरो आहे? सगळे हसले. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणालात, "काल तू पाहुण्यापुढं माझ्या कामाला झिरो म्हणलीस. मला लाज वाटली. आईबी बसली होती. पुढच्या बारीला तसं म्हणू नको, एवढंच." मला आधी रागच आला. चेष्टा होती, एवढं काय, हे शब्द घशापर्यंत आले होते. आपण शिकवलेलं आपल्यावरच आलं की कसं लागतं ते कळलं. पण तुम्ही मला वाईट म्हणाला नव्हता, त्यामुळे मला भांडायला जागाच नव्हती. मी "चुकलं" म्हणाले. ते एवढं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

आता त्या साखळीबद्दल. हेच आपलं अर्धं राहिलेलं भांडण. तुटलेली तार जोडायची तर तिच्या दोन्ही टोकांना आधी साखळी टाकून ती जमिनीत उतरवायची, म्हणजे कुठूनही करंट आला तरी मातीत जाईल. ही माहिती मला तुम्हीच दिलीत. तुम्ही टाकायचे एकाच बाजूला, डीपीच्या, म्हणजे जिकडून वीज येते त्या. गावाच्या बाजूनं करंट येतोच कुठून, म्हणायचे, आणि दुसरी टाकायला वेळ जातो, खाली लोक ओरडतात. मी माझं वाक्य बरोबर सांगितलं होतं. घटना, भीती, कारण, मागणं, सगळं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बघू. न्हाई जमलं तर न्हाई." मी तुमचा नकार पचवला. मागणं होतं, हुकूम नव्हता. मला स्वतःचं कौतुकही वाटलं तेव्हा, की बघा, मी आदळआपट केली नाही.

नऊ दिवस झाले, मी त्याच जागी फिरून फिरून येते आहे. आदळआपट करायला हवी होती का? साखळी फेकायला हवी होती का तुमच्या अंगावर? दोर विहिरीत टाकायला हवा होता का? शाहीनताईंचा परवा फोन आला. मी त्यांना हेच विचारलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वैजयंता, या बोलण्यानं माणूस आपल्याला खरं सांगतो. आपलं ऐकतोच असं न्हाई. ते मी तिथं सांगायला पाहिजे होतं." त्यांच्यावर राग धरता येत नाही. मी मात्र स्वतःवर धरून बसले आहे.

त्या दिवशी वळवाचं वारं सुटून गेलं होतं. तार तुटली होती. मी डाळीचा कुकर लावेपर्यंत तुम्ही थांबलात, पाणी प्यालात, निघालात. पहिला मिस कॉल आला. मी ओसरीत बसले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी उठले नाही. कुकर थंड पडला. दुसरा आला नाही. मी पदर खोचला आणि पळाले. मला कुणी बोलवायला आलं नव्हतं, अहो. या वेळी गावाच्या आधी मला कळलं. एवढं एक मागणं तुम्ही शेवटपर्यंत पाळलंत.

कुणीतरी लाईट नाही म्हणून जनरेटर लावला होता. त्याचा करंट उलटा तारेत आला, गावाच्या बाजूनं. असं म्हणतात, चौकशी व्हायची आहे. डीपीच्या बाजूला साखळी लटकत होती, ती मी बघितली. दुसरी तुमच्या पिशवीत होती, गुंडाळलेली.

लातूरला नेताना जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही शुद्धीवर होता, हाताकडे बघत नव्हता. आणि माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं, पूर्ण तयार, म्या सांगत नव्हते का. तुम्हाला ते दिसलं असावं. तुम्ही डोळे बारीक केलेत, मार चुकवताना करतात तसे. मी ते गिळलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वैजू, मला लई भीती वाटून राहिली." मी म्हणाले, "मला बी. म्या हाय इथं." तुम्ही माझं बोट धरलंत. लातूरच्या अलीकडे ते सुटलं.

जर मी ते जुनं वाक्य बोलले असते, तर तुम्ही माझ्यापासून तोंड लपवून गेला असता. तेवढं वाचलं. बाकी काही वाचलं नाही.

आता एक वाक्य राहिलं आहे. ते मी तुम्हाला बोलले नाही, कारण मेलेल्या माणसावर रागवत नसतात म्हणे. पण मला आहे राग, आणि तो मी रीतीनंच सांगणार. त्या दिवशी तुम्ही साखळी एकाच बाजूला टाकलीत. मला राग आला आहे, अहो, खूप राग आला आहे. कारण मला तुमच्यासोबत म्हातारं व्हायचं होतं, अंगणात शेंगा फोडत. इथवर तीन भाग झाले. चौथ्याशी येऊन मी थांबले आहे. मागणं काय मागू आणि कुणाला?

कविता आली आहे. खालच्या आळीतल्या विलासची बायको, सहावा महिना चालू आहे. परवा भेटायला आली तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, आता ह्येंलाच बोलावू लागलेत खांबावर. ते मला काहीच सांगत न्हाईत. म्या काय म्हणू त्येंला?" तुमची माती अजून ओली आहे आणि गावाला दुसरा माणूस मिळाला. मी तिला सगळं सांगितलं. कधी बोलायचं, काय गाळायचं, मागणं किती छोटं ठेवायचं. साखळी दोन्ही बाजूंना, हेही सांगितलं. ती काल सकाळी चहाच्या वेळी बोलली. मिस कॉलला तो हो म्हणाला. साखळीला म्हणाला, बघू. तिनं मला विचारलं, "बघू म्हणले तर मग काय म्हणायचं, ताई?"

ती आता माझ्या शेजारी बसली आहे, दोन्ही हातांत फोन धरून. लाईट अजून आलेली नाही. तुमचा फोन ज्यानं उचलायचा तो गेला, म्हणून लोकांनी विलासला लावला. पहिला मिस कॉल येऊन बराच वेळ झाला आहे. फोनकडे बघावं लागू नये म्हणून मी लिहिते आहे.

चौथा भाग सापडला, अहो. तुम्ही जिथं असाल तिथून त्या पोराचा दुसरा मिस कॉल येऊ द्या. आणि हे मागणं नाही. या वेळी तुम्हाला नाही म्हणायची मोकळीक मी देत नाही.